सही झाली, पण संमती होती का?

आपल्या सीमाभागात जमिनीचा दस्त कन्नडमध्ये लिहिला जातो. नव्या पिढीला तो वाचता येतो, पण आजी-आजोबांचे शिक्षण मराठीत झालेले असते. ‘इथे सही करा’ म्हटले की ते सही करतात. पुढे कळते की भलतेच काही लिहून घेतले आहे. मग प्रश्न पडतो, आता काय करायचे?

असाच एक खटला आपल्या शेजारच्या विजापूर जिल्ह्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निंगव्वा ही निरक्षर बाई. तिला लिंगदहळ्ळी आणि तडवलगा या दोन गावांत जमीन होती. 1938 मध्ये नवऱ्याने तिच्याकडून स्वतःच्या नावे बक्षीसपत्र करून घेतले. लिंगदहळ्ळीच्या दोनच जमिनी लिहिल्या आहेत असे तिला सांगितले, पण दस्तात तडवलग्याच्या जमिनीही घातल्या होत्या. हे तिला नवऱ्याच्या मृत्यूनंतर समजले आणि तिने लगेच दावा लावला.

1968 च्या निकालात न्यायालयाने एक महत्त्वाचा फरक सांगितला. आपण बक्षीसपत्र करतो आहोत हे निंगव्वाला ठाऊक होते. फसवणूक झाली ती आतल्या मजकुराबाबत. असा दस्त आपोआप रद्द होत नाही. फसलेल्या माणसाने मागणी केली तरच तो रद्द होतो. पण ‘ही पेन्शनची कागदपत्रे आहेत’ असे सांगून बक्षीसपत्रावर अंगठा घेतला, तर दस्ताचा प्रकारच लपवला गेला. तो दस्त मुळापासूनच निरर्थक ठरतो.

मागणी करून करार रद्द करून घेण्याची चार मुख्य कारणे 1872 च्या करार कायद्यात आहेत. निपाणीजवळच्या एका काल्पनिक मावशींची दोन एकर जमीन घेऊन ती पाहू.

मावशी जमीन विकताना म्हणतात, “आमच्या विहिरीला बारमाही पाणी आहे.” त्यांना मनापासून तसे वाटते, पण त्याला पुरेसा आधार नसतो आणि ते खरे नसते. हे चुकीचे निवेदन झाले. विहीर मार्चमध्येच आटते हे माहीत असूनही तेच सांगितले, तर ती फसवणूक. फरक मनातल्या हेतूचा आहे. मात्र चुकीच्या निवेदनात घेणाऱ्यावरही जबाबदारी असते. साधी चौकशी करून खरे कळण्यासारखे होते, तर त्याला करार मोडता येत नाही.

तिसरे कारण जबरदस्ती. “सही कर, नाहीतर मुलाला मारीन” ही उघड धमकी झाली. स्वतःच्या जिवाची धमकीही यात धरली गेली आहे. एकाने आत्महत्येची धमकी देऊन बायको आणि मुलाकडून हक्कसोडपत्र घेतले होते. 1917 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बहुमताने ती जबरदस्ती ठरवली.

चौथे कारण घराघरांत घडते आणि ओळखायला सर्वांत अवघड असते, ते म्हणजे अनुचित प्रभाव. मावशी आजारी आहेत, औषधपाणी आणि बँकेचे सगळे पुतण्या बघतो. तो कवडीमोलाने जमीन लिहून घेतो. धमकी नाही, खोटे बोलणेही नाही. पण मावशी त्याच्यावर अवलंबून आहेत आणि व्यवहार उघडच अन्यायाचा दिसतो. अशा वेळी प्रभाव टाकला नाही हे पुतण्याला सिद्ध करावे लागते. मावशींनी बाहेरच्या वकिलाचा सल्ला घेतला होता का, पैसे खरेच मिळाले का, हे न्यायालय पाहते. नुसती सेवा केली म्हणून पुतण्या दोषी ठरत नाही. योग्य किंमत दिली असेल तर व्यवहार टिकतो.

अशा वेळी सब-रजिस्ट्रार ऑफिसात अर्ज देऊन भागत नाही. नोंदलेले खरेदीपत्र रद्द करण्याचा हुकूम दिवाणी न्यायालय देते आणि निकालाची प्रत नोंदणी कार्यालयात जाते. खरी हकीकत कळल्यापासून साधारण 3 वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. घेतलेले पैसे परत करावे लागतात. आणि तोवर ती जमीन काहीही ठाऊक नसलेल्या तिसऱ्याने प्रामाणिकपणे पैसे देऊन घेतली, तर ती परत मिळणे कठीण होते.

म्हणून कळल्या दिवशीच तारीख लिहून ठेवा, दस्ताची प्रमाणित प्रत काढा आणि वकील गाठा. त्याही आधीचे काम सोपे आहे. घरात ज्याला कन्नड येते त्याने सहीपूर्वी आजीला दस्त मराठीत वाचून दाखवावा. प्रत्येक सर्व्हे नंबर उताऱ्याशी ताडून पाहावा. निंगव्वाच्या दस्तात जास्तीच्या जमिनी घातल्या होत्या, आणि तिच्या बाजूने तो वाचणारे कोणी नव्हते.