टेस्टला फोन कुठून आणायचा?

पासवर्डनंतर ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा आकडी कोड मागितला, की आपण खिशातून फोन काढतो. पण त्याच वेबसाइटची रात्री आपोआप चालणारी टेस्ट काय काढणार? अनेक टीम टेस्ट सर्व्हरवर `123456` हा कोड कायम चालेल अशी सोय करून मोकळ्या होतात. मला ही पळवाट पटत नाही. ती सेटिंग चुकून खऱ्या सर्व्हरवर गेली तर दुसरं कुलूप नावापुरतंच उरतं, आणि कोड तपासणाऱ्या भागाची चाचणीही होत नाही.

खरं तर फोन लागतच नाही. सुरुवातीला स्कॅन केलेल्या क्यूआर कोडमध्ये एक गुप्त किल्ली असते. 1 जानेवारी 1970 पासून सरलेल्या सेकंदांना 30 ने भागायचं, आणि येणारा पूर्णांक व किल्ली यांवरून कोड काढायचा. सर्व्हरही हेच गणित करतो. ही रीत 2011 च्या `RFC 6238` मध्ये दिली आहे. त्यातल्या नमुन्याची किल्ली `12345678901234567890` घेतली, तर 59व्या सेकंदाला भागाकार 1 येतो आणि सहा आकडी कोड `287082`. आपला प्रोग्राम हेच उत्तर देतो का, हे आधी पाहून घ्यावं.

मग टेस्टसाठी वेगळं खातं उघडायचं, त्याची किल्ली कोडमध्ये न लिहिता सीआय सर्व्हरच्या गुप्त तिजोरीत ठेवायची आणि लॉगिनच्या वेळी कोड काढायचा:

```python
left = 30 - time.time() % 30
if left < 5:
    time.sleep(left + 1)
code = pyotp.TOTP(secret).now()
```

मधल्या दोन ओळी नसतील, तर टेस्ट कधी पास होते, कधी नापास, आणि कारण सापडत नाही. 29व्या सेकंदाला काढलेला कोड फॉर्ममध्ये भरेपर्यंत शिळा झालेला असतो. काही सर्व्हर मागचा कोडही चालवून घेतात, म्हणून हा दोष बरेच दिवस लपून राहतो.

दुसरी अडचण जास्त फसवी. एकदा स्वीकारलेला कोड सर्व्हरने पुन्हा घेऊ नये, असा नियमच आहे. दोन टेस्ट एकाच खात्याने एकाच वेळी लॉगिन करू लागल्या, की दोघींना तोच कोड मिळतो आणि दुसरी नाकारली जाते. एकेकटी चालवली की दोन्ही पास! अशा वेळी सर्व्हरचा दोष शोधत बसू नये. एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक टेस्टला स्वतंत्र खातं द्यावं.

कधीतरीच नापास होणाऱ्या टेस्टमध्ये पाठवलेला कोड पाच आकडी दिसला, तर घड्याळाकडे बघूच नका. वरच्याच किल्लीचा 1111111109व्या सेकंदाचा कोड `081804` आहे. तो मजकूर म्हणून न ठेवता संख्या म्हणून ठेवला, की पुढचं शून्य गळतं आणि सर्व्हरकडे `81804` पोहोचतो.