रेघ दिसली नाही, म्हणजे थॅलेसेमियाचा वाहक ठरला का? चार चौकटींतले पाच गैरसमज

फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली. १९४९ साली त्या छावणीचे नाव उल्हासनगर झाले, तरी पत्ता सांगताना लोक आजही ‘कॅम्प ४’ असेच म्हणतात. सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो. पण आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा मुलाला आयुष्यभर दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. त्यामुळे लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीलाच वाहक शोधण्यासाठी चाळणी चाचणी करतात.

यातली सर्वांत स्वस्त चाचणी नेस्ट्रॉफ नावाने ओळखली जाते. एका नळीत ०.३६ टक्के मिठाचे बफर केलेले पाणी घेऊन त्यात रक्ताचा छोटा थेंब टाकतात, अर्धा तास थांबतात आणि नळीमागे काळी रेघ ओढलेला पांढरा कागद धरतात. नेहमीच्या तांबड्या पेशी एवढ्या पातळ पाण्यात फुटतात, द्रावण स्वच्छ होते आणि रेघ दिसते. वाहकाच्या लहान, चपट्या पेशी सहज फुटत नाहीत. त्यामुळे द्रावण गढूळ राहते आणि रेघ दिसत नाही. लक्षात ठेवा, इथे रेघ न दिसणे म्हणजे चाचणी पॉझिटिव्ह. मात्र लोहाच्या कमतरतेतही पेशी अशाच टिकून राहतात. म्हणून खरा निर्णय एचपीएलसी यंत्रावर हिमोग्लोबिन ए२ मोजून होतो. ते साधारण ३.५ टक्क्यांहून जास्त निघाले, तर माणूस वाहक समजतात.

चाळणी चाचणी एका बाजूला आणि निर्णायक चाचणी दुसऱ्या बाजूला, एवढ्यावर कम्युनिटी मेडिसिनच्या पेपरातले दोन बाय दोनचे कोष्टक तयार होते. समजा, कॅम्प ४ मधल्या सिंधी समाजातील १००० तरुणांची नेस्ट्रॉफही झाली आणि हिमोग्लोबिन ए२ही मोजले. पुढचे आकडे सरावासाठी घेतलेले आहेत, कुठल्याही सर्वेक्षणाचे नाहीत.

| | वाहक आहे | वाहक नाही | एकूण |
|---|---|---|---|
| नेस्ट्रॉफ पॉझिटिव्ह | ९५ | ९० | १८५ |
| नेस्ट्रॉफ निगेटिव्ह | ५ | ८१० | ८१५ |
| एकूण | १०० | ९०० | १००० |

गैरसमज १ : ए, बी, सी, डी पाठ असले की गणित सुटते.

वस्तुस्थिती : ए भागिले ए अधिक सी हे सूत्र आजार उभ्या स्तंभांत आणि चाचणी आडव्या ओळींत असेल तेव्हाच खरे ठरते. पेपर काढणाऱ्याने कोष्टक आडवे फिरवले आणि वाहक वरच्या ओळीत, नेस्ट्रॉफ स्तंभांत ठेवली, की तेच सूत्र सेन्सिटिव्हिटीऐवजी पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू देते. आकडेमोड बरोबर येते आणि उत्तर चुकते.

म्हणून अक्षरे सोडा आणि ‘कोणांपैकी?’ हा प्रश्न विचारा. सेन्सिटिव्हिटी म्हणजे सगळ्या वाहकांपैकी किती जण चाचणीत सापडले : १०० पैकी ९५, म्हणजे ९५ टक्के. स्पेसिफिसिटी म्हणजे वाहक नसलेल्यांपैकी किती जणांना चाचणीने निगेटिव्ह ठरवले : ९०० पैकी ८१०, म्हणजे ९० टक्के. या दोन्हींत छेद हा खऱ्या स्थितीचा गट आहे. प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यूंमध्ये छेद चाचणीच्या निकालाचा गट असतो. छेद नीट ठरला, तर कोष्टक कसेही फिरवलेले असले तरी फसायला होत नाही.

गैरसमज २ : सेन्सिटिव्हिटी ९५ टक्के आहे, म्हणजे पॉझिटिव्ह आलेली व्यक्ती वाहक असण्याची खात्री ९५ टक्के.

वस्तुस्थिती : कोष्टकाची वरची ओळ आडवी वाचा. पॉझिटिव्ह आले १८५ जण आणि त्यांतले वाहक ९५. पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू ९५ भागिले १८५, म्हणजे सुमारे ५१ टक्के. ज्यांच्या नळीतून रेघ दिसली नाही, त्यांच्यापैकी जवळजवळ निम्मे वाहक नाहीतच.

असे होण्याचे कारण गटांच्या आकारात आहे. चाचणी वाहक नसलेल्यांच्या बाबतीत दहात एकदाच चुकते, पण ते ९०० आहेत. नऊशेचा दहावा हिस्सा ९० होतो आणि तो शंभर वाहकांतून सापडलेल्या ९५ च्या बरोबरीला येऊन बसतो.

खालची ओळही अशीच वाचा. ८१५ निगेटिव्हपैकी ८१० खरोखर वाहक नाहीत, म्हणजे निगेटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू ९९.४ टक्के. ‘सेन्सिटिव्हिटी ९५ म्हणजे निगेटिव्ह आलेल्यांत ५ टक्के वाहक’ असे लिहिणारे इथे चुकतात. ते प्रमाण ८१५ पैकी ५, म्हणजे सुमारे ०.६ टक्का आहे. चाळणी चाचणीचे काम नेमके हेच असते : ज्यांना पुढच्या महागड्या तपासणीची गरज नाही त्यांना बाजूला काढणे आणि उरलेल्यांना पुढे पाठवणे.

गैरसमज ३ : फॉल्स पॉझिटिव्ह रेट म्हणजे पॉझिटिव्ह निकालांतले खोटे निकाल.

वस्तुस्थिती : पेपरात फॉल्स पॉझिटिव्ह रेट विचारला, तर छेद असतो वाहक नसलेल्यांचा : ९०० पैकी ९०, म्हणजे १० टक्के. शंभरातून स्पेसिफिसिटी वजा केली की हाच आकडा येतो, म्हणून उत्तर तपासायलाही तो उपयोगी पडतो. १८५ पॉझिटिव्हपैकी ९० खोटे, म्हणजे सुमारे ४९ टक्के, ही वेगळी गोष्ट आहे. शंभरातून पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू वजा केल्यावर ती मिळते. अंशात दोन्हीकडे तेच ९० जण आहेत, फरक फक्त छेदाचा आहे.

गैरसमज ४ : प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू हा चाचणीचा गुण आहे, एकदा काढला की सगळीकडे चालतो.

वस्तुस्थिती : हीच नळी, हेच मिठाचे पाणी आणि हाच तंत्रज्ञ घेऊन बदलापूरच्या एखाद्या कॉलेजात जा. तिथे अनेक समाजांची मुले आहेत आणि वाहक २ टक्के आहेत असे धरू. सेन्सिटिव्हिटी ९५ आणि स्पेसिफिसिटी ९० तशीच ठेवून १००० जणांचे कोष्टक मांडू.

क्रम असा ठेवा. आधी खालची बेरीज : वाहक २०, बाकीचे ९८०. मग स्तंभांच्या आत : २० चे ९५ टक्के १९, म्हणून सुटलेला १. पुढे ९८० चे ९० टक्के ८८२, म्हणून खोटे पॉझिटिव्ह ९८. शेवटी ओळींची बेरीज : पॉझिटिव्ह ११७, निगेटिव्ह ८८३. आता पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू ११७ पैकी १९, म्हणजे जेमतेम १६ टक्के. कॅम्प ४ च्या कोष्टकात ती ५१ होती. चाचणी तीच आहे, फक्त प्रिव्हॅलन्स १० वरून २ टक्क्यांवर आला आहे. निगेटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू मात्र किंचित वाढून ९९.९ टक्के होते.

याच गैरसमजातून पेपरातला आणखी एक सापळा तयार होतो. प्रश्नात लिहिलेले असते : ‘१०० सिद्ध वाहक आणि १०० निरोगी व्यक्ती निवडून चाचणी केली.’ कोष्टकात ९५ आणि ५, १० आणि ९० असे आकडे येतात. विद्यार्थी वरची ओळ वाचून १०५ पैकी ९५, म्हणजे ९० टक्के पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू लिहून मोकळा होतो. पण इथे वाहक निम्मे आहेत, कारण संशोधकाने ते निम्मे निवडले. कुठल्याही वस्तीत दर दुसरा माणूस वाहक नसतो. दोन गट वेगवेगळे निवडलेले दिसले, की त्या कोष्टकातून फक्त सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी घ्यायची. प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू हवी असेल, तर प्रश्नात दिलेला प्रिव्हॅलन्स घेऊन १००० जणांचे नवे कोष्टक वर सांगितलेल्या क्रमाने मांडायचे.

गैरसमज ५ : शिबिराचे रजिस्टर हाती असले की चारही आकडे काढता येतात.

वस्तुस्थिती : प्रत्यक्ष शिबिरात १००० जणांची एचपीएलसी कोणी करत नाही, ती करावी लागू नये म्हणूनच नेस्ट्रॉफ आहे. १८५ पॉझिटिव्ह पुढे जातात. त्यांत ९५ वाहक निघतात आणि ९० नाहीत हे कळते. ८१५ जण घरी जातात. रजिस्टरमध्ये वरची ओळ पूर्ण आहे. खालच्या ओळीची बेरीज तेवढी आहे, आतल्या दोन्ही चौकटी रिकाम्या आहेत.

या रजिस्टरवरून पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू मात्र पक्की निघते, कारण तिचा छेद वरच्या ओळीतच आहे. सेन्सिटिव्हिटी निघत नाही. एकूण वाहक किती हेच माहीत नाही, तर त्यांच्यापैकी किती सापडले हे कसे सांगणार? तरीही रिकाम्या चौकटीत शून्य धरून ९५ पैकी ९५, म्हणजे सेन्सिटिव्हिटी १०० टक्के असे उत्तर लिहिले जाते. तपासले नाही म्हणून सापडले नाहीत, एवढाच त्या शून्याचा अर्थ.

यावर उपाय आहे. निगेटिव्हपैकी दर पाचातला एक चिठ्ठी टाकून निवडा. ८१५ मधून असे १६३ जण होतील. त्यांचे हिमोग्लोबिन ए२ मोजल्यावर एक वाहक निघाला, तर ८१५ मध्ये सुमारे ५ असतील असा अंदाज येतो आणि रिकामी चौकट भरते. एका व्यक्तीवर उभा असलेला हा अंदाज कच्चाच आहे. दोन निघाले असते, तर सुटलेले १० झाले असते आणि सेन्सिटिव्हिटी १०५ पैकी ९५, म्हणजे ९० टक्क्यांवर आली असती. तरीही न तपासता धरलेल्या शून्यापेक्षा तो खरा आहे.

कोष्टकातले ५ हे सगळ्यांत लहान आकड्याचे घर, पण सर्वांत जड तेच आहे. ‘तुम्ही वाहक नाही’ असे ऐकून ते पाच जण लग्नाला उभे राहतील आणि जोडीदारही वाहक असेल, तर ते दोघांनाही कळलेले नसेल. वरच्या ओळीतल्या ९० जणांची चूक दुसऱ्या तपासणीत दुरुस्त होते, पण या पाचांना पुढची तपासणीच नाही. त्यामुळे अशा चाळणीत स्पेसिफिसिटी थोडी कमी चालते, सेन्सिटिव्हिटी मात्र जास्त लागते.

पेपरात प्रत्येक टक्केवारीपुढे एक वाक्य लिहा : ‘१८५ पॉझिटिव्हपैकी ९५ वाहक’, ‘१०० वाहकांपैकी ९५ पॉझिटिव्ह’. छेद शब्दांत लिहिला की चूक तिथल्या तिथे दिसते. पुढे डॉक्टर म्हणून शिबिरात बसाल, तेव्हाही रेघ न दिसलेल्या माणसाला ‘तुम्ही वाहक आहात’ असे सांगू नका. ‘अजून एक रक्ततपासणी करायची आहे’ असे सांगा, आणि ती होईपर्यंत त्याचे नाव यादीतून सोडू नका.