हातातला फोन, भाग ९ : घाटाखालचे नव्वद फ्रेम

मलकापूरचा भाचा मे महिन्यात बुलढाण्याला आला की त्याचा फोन सुधारतो. घाटाखाली अडखळणारा बीजीएमआय इथं घाटावर बराच वेळ सुरळीत चालतो. "मामा, तुमचं वायफाय भारी आहे!" वायफायचा त्यात काही संबंध नव्हता. नेट अडकलं तर समोरचे खेळाडू उड्या मारतात, पण आपण मान वळवली की दृश्य नीट फिरतं. याचं दृश्यच झटके देत फिरायचं. म्हणजे दुखणं फ्रेमचं.

पठ्ठ्यानं सेटिंग सगळी चढवून ठेवली होती. डिस्प्ले १२० हर्ट्झ, गेममध्ये ग्राफिक्स Smooth, फ्रेम रेट ९०, गेमिंग मोड परफॉर्मन्सवर. घरी पहिली दहा मिनिटं गेमिंग मोडच्या पट्टीवर ८८-९० दिसायचे, मग ६५, मग ४०. फोन तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. गेमिंग मोड त्याला जोर लावायला सांगतो, पण उष्णता बाहेर टाकायची जागा वाढवत नाही. बाहेर पारा ४३ वर, फोनला जाड कव्हर आणि वर चार्जर लावलेला. "फोन तर गरम होऊनच राहते ना," तो म्हणाला.

नव्वद फ्रेम म्हणजे दर ११ मिलिसेकंदाला नवं चित्र, साठ म्हणजे दर १७ ला. हा फरक डोळ्याला कळतो, पण नव्वदवरून चाळीसवर आपटणं त्याहून जास्त खटकतं. टच सॅम्पलिंगचंही तेच. २४० हर्ट्झ असेल तर पडदा दर चार मिलिसेकंदाला बोट कुठे आहे ते पाहतो. पण गेम ती खबर बहुधा पुढचं चित्र काढतानाच घेतो. चित्रच २५ मिलिसेकंदांनी येणार असेल, तर पडद्याची चपळाई बरीचशी वाया जाते.

म्हणून फ्रेम रेट Extreme, म्हणजे ६० वर आणला. कव्हर काढलं, ब्राइटनेस उतरवला, चार्जिंग खेळण्याआधी उरकायचं ठरलं. घरी गेल्यावर त्याचा फोन आला: अर्धा तास आकडा ५८-६० वर टिकला. (फोन फ्रिजमध्ये गार करण्याची आयडिया त्याच्या मित्राची. आत पाण्याचे थेंब धरतील, हे मला ओरडून सांगावं लागलं.)

नव्वद निवडूनही आकडा कायम साठलाच अडला असेल तर आधी बॅटरी सेव्हर पाहा, तो बऱ्याच फोनमध्ये डिस्प्ले ६० वर आणतो. खात्री करायची तर Build number वर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा आणि Show refresh rate चालू करा. हा आकडा पडद्याचा, गेमचा नव्हे. पडदा १२० दाखवत असताना गेम ४० वर असू शकतो.

गेममध्ये ९० चा पर्यायच नसेल, तर तो तुमच्या मॉडेलला दिलेला नाही. जीएफएक्स टूल नावाची ॲप गेमच्या फायली बदलून तो उघडतात. चिप तीच राहते आणि आयडी बॅन होण्याची भीती वेगळी.

भाच्यानं साठ ठेवलेत. नव्वद दिवाळीनंतर करतो म्हणाला.