बंधारा बांधण्यापूर्वी

ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी नाशिक शहर ओलांडून पूर्वेकडे वाहत जाते. पुढे निफाड तालुक्यात तिला कादवा नदी येऊन मिळते. या संगमापाशी, नांदूरमध्यमेश्वर येथे, १९०७ ते १९११ या काळात नदीवर एक बंधारा बांधण्यात आला. त्यामुळे अडलेले पाणी डाव्या व उजव्या अशा दोन कालव्यांनी निघाले आणि कोपरगावकडील कोरड्या शेतांपर्यंत पोहोचले. बंधाऱ्याचा मूळ हेतू एवढाच होता व तो सफल झाला.

परंतु नदी केवळ पाणीच वाहून आणत नाही. पावसाळ्यात डोंगरउतारावरील व शेतांतील माती धुपून तिच्या प्रवाहात मिसळते. पाणी वेगाने धावत असते, तोवर ही माती त्याबरोबर पुढे जाते. बंधाऱ्यापाशी मात्र पाण्याचा वेग मंदावतो; मग प्रथम जड वाळू व तिच्यामागून बारीक गाळ तळाशी बसू लागतो. नांदूरमध्यमेश्वर येथेही वर्षानुवर्षे असेच घडत गेले. जलाशय उथळ झाला, त्यात गाळाची बेटे तयार झाली आणि त्यांवर पाणकणीस व इतर पाणवनस्पती माजल्या.

या बदलाला दोन बाजू आहेत. उथळ पाणी, चिखल आणि दाट पाणवनस्पती म्हणजे पक्ष्यांचे माहेरघरच. हिवाळ्यात दूरदूरच्या थंड प्रदेशांतून चक्रवाक व नाना जातींची बदके येथे उतरतात. जांभळ्या पाणकोंबड्या तर बाराही महिने दिसतात. म्हणून १९८६ मध्ये या परिसरास पक्षी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले, आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले 'रामसर स्थळ', म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, असा मान त्यास मिळाला. दुसरी बाजू मात्र त्रासाची आहे. जेथे गाळ बसला, तेथे पाणी साठण्यास जागा उरली नाही. नदीचे पात्र उथळ झाले की, तेवढाच पूर पूर्वीपेक्षा अधिक उंच चढतो व काठच्या शेतांत अधिक दूरवर पसरतो. अभयारण्य झाल्यावर त्या परिसरात काय करावे व काय करू नये, याचे नवे नियमही तेथील रहिवाशांना पाळावे लागले. ज्यांच्या शेतांना पाणी मिळाले, ते कालव्याच्या टोकाशी राहतात. ज्यांना पुराचे भय आहे, ते जलाशयाच्या काठी राहतात. एकाच बांधकामाचा लाभ एकाला व हानी दुसऱ्याला, असे येथे झाले.

बंधारा बांधला गेला, त्या काळी अशा परिणामांचा आगाऊ हिशेब मांडण्याचा नियम नव्हता. भारतात तो नियम १९९४ मध्ये आला आणि २००६ मध्ये त्याची नवी रचना झाली. धरण, महामार्ग, खाण यांसारखी ठरावीक मोठी कामे सुरू करण्यापूर्वी त्यांचा हवा, पाणी, जमीन, प्राणी व माणसे यांवर काय परिणाम होईल, हे तपासावे लागते. या तपासणीस 'पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन' असे म्हणतात. नांदूरमध्यमेश्वर येथे अद्याप बंधारा नाही आणि एखादे मोठे धरण आजच तेथे योजिले आहे, अशी कल्पना केली, तर ही तपासणी कशी होते, ते चांगले समजते.

प्रथम कोणत्या प्रश्नांची उत्तरे शोधावयाची, ते ठरवतात. गाळ किती येईल? कोणाची जमीन पाण्याखाली जाईल? खालच्या गावांना उन्हाळ्यात नदीत पाणी उरेल काय? त्यानंतर त्या जागेची आजची स्थिती नोंदवून ठेवतात. हे काम योग्य ऋतूत व्हावे लागते. पक्ष्यांची गणना केवळ मे महिन्यात केली, तर हिवाळ्यातील पाहुण्यांपैकी फारसे कोणी दिसणार नाही आणि अहवालात 'पक्षी थोडेच आहेत' असे लिहिले जाईल. नोंद खरी, पण निष्कर्ष खोटा! म्हणून जाणता वाचक अहवालातील आकड्यांच्या आधी निरीक्षणाच्या तारखा पाहतो.

मग पुढील काळाचा अंदाज बांधतात. पुराच्या वेळी नदीतून दर सेकंदास १,००० घनमीटर पाणी वाहत आहे व प्रत्येक घनमीटरात एक किलो माती आहे, असे मानू. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे एका दिवसात ८,६४,००,००० किलो, अर्थात ८६,४०० टन माती नदीतून येईल. तिचा दहावा भाग जरी तळाशी बसला, तरी तो ८,६४० टन होतो. एका मालमोटारीत दहा टन माती मावते असे धरले, तर तो उचलण्यास ८६४ खेपा लागतील. आणि ही केवळ एका दिवसाच्या पुराची कथा झाली. एवढ्या हिशेबावरूनही कळते की, 'गाळ साठला तर पुढे काढू' हे उत्तर पुरेसे नाही.

म्हणून योजना करतानाच उपाय शोधावे लागतात. पुराबरोबर गाळही पुढे निघून जावा, यासाठी तळाशी दरवाजे ठेवता येतात. वरच्या डोंगरांवर समपातळी चर खणून व झाडे लावून माती जागीच धरता येते. जागा बदलता येते, उंची कमी करता येते; आणि काम मुळीच न करणे हाही एक पर्याय तपासावा लागतो.

अहवालाचा मसुदा तयार झाला की, जनसुनावणी होते. प्रदूषण नियंत्रण मंडळ तिची व्यवस्था करते व किमान तीस दिवस आधी वृत्तपत्रांत सूचना देते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करून देणे आवश्यक असते. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या जवळ घेतात आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी अथवा त्यांचे प्रतिनिधी असतात. पूर कोणत्या झाडापर्यंत चढतो, कोणती विहीर उन्हाळ्यात आटते, हे काठच्या शेतकऱ्यास ठाऊक असते. ती माहिती येथे नोंदली जाते. मात्र सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. तेथील आक्षेपांना अहवालात उत्तर द्यावे लागते. त्यानंतर तज्ज्ञांची समिती सर्व कागद तपासून शिफारस करते. शासन परवानगी देते, नाकारते किंवा काही अटी घालते. अटी पाळल्या जात आहेत की नाहीत, याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो.

या पद्धतीतही एक उणीव आहे. मूल्यांकनाचा खर्च प्रकल्प उभारणाराच करतो, त्यामुळे अहवाल त्याच्या बाजूस झुकण्याचा संभव असतो. ही उणीव ओळखण्याचे साधनही जनसुनावणीतच आहे. अहवालात काठावर चार विहिरी लिहिल्या असतील आणि गावकऱ्यांनी चाळीस दाखविल्या, तर अहवाल लिहिणारे त्या गावी नीट फिरलेच नाहीत, हे सर्वांसमोर उघड होते.

नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आजही उभा आहे. कालव्यांतून पाणी वाहते, हिवाळ्यात पक्षी उतरतात आणि गोदावरीला मोठा पूर आला की, काठचे शेतकरी रात्रभर पाण्याच्या पातळीकडे पाहत जागतात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पाण्याचा हिशेब झाला. गाळाचा, पक्ष्यांचा आणि या जागणाऱ्यांचा हिशेब मात्र नदीने स्वतःच मांडून दाखविला. नव्या बांधकामाच्या वेळी तो आधी मांडावा, एवढ्यासाठीच ही सारी तपासणी आहे.