घेतलेले रक्त परत देणारे यंत्र

रक्ताच्या कर्करोगावर औषधोपचार सुरू झाले की हाडांच्या मगजात नव्या रक्तपेशी तयार होण्याचे काम काही दिवस थंडावते. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात दीड ते चार लाख रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, असतात. अशा रुग्णात त्या दहा हजारांच्याही खाली जाऊ शकतात. मग कुठेही न लागता रक्त वाहू लागते, कधी हिरड्यांतून, तर कधी थेट मेंदूत. त्याला बाहेरून रक्तबिंबिका द्याव्या लागतात. एका रक्तदात्याच्या पिशवीतून निघणाऱ्या रक्तबिंबिका मोठ्या माणसाला अपुऱ्या पडतात. साधारण सहा पिशव्यांतल्या एकत्र कराव्या लागतात, आणि सहा परक्या माणसांच्या पेशी शरीरात गेल्या की त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होण्याचा धोका वाढतो.

मग एकाच दात्याकडून सहा जणांइतक्या रक्तबिंबिका घेता येतील का? एक हिशेब करून पाहू. एका मात्रेत सुमारे तीस हजार कोटी रक्तबिंबिका लागतात. आपल्या दात्याच्या घन मिलिमीटर रक्तात अडीच लाख आहेत असे धरू, म्हणजे एका मिलिलीटरमध्ये पंचवीस कोटी. भागाकार केला की उत्तर येते १२०० मिलिलीटर. पण यंत्राच्या हाती त्यातल्या साऱ्याच लागत नाहीत. निम्म्या लागल्या असे मानले तर सुमारे २४०० मिलिलीटर रक्त तपासावे लागेल. साठ किलो वजनाच्या माणसात एकूण रक्तच सुमारे ४२०० मिलिलीटर असते! इतके काढून घेणे अर्थातच शक्य नाही. म्हणून ते थोडे थोडे काढायचे, हवे ते ठेवून घ्यायचे आणि बाकीचे लगेच परत द्यायचे. यालाच अफेरेसिस म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'काढून घेणे' असा आहे.

वेगळे करण्याची युक्ती आपण दूध डेअरीत पाहिलेली असते. तिथे दूध गरगर फिरवले की जड भाग बाहेर फेकला जातो आणि हलकी साय आत राहते. रक्ताचेही तसेच होते. रक्तद्रवाची घनता सुमारे १.०३ आणि तांबड्या पेशींची १.१०च्या जवळपास असते. रक्तबिंबिका यांच्या मधल्या, आणि आकाराने अगदी लहान, म्हणून सावकाश सरकणाऱ्या. रक्त मिनिटाला काही हजार फेरे फिरवले की तांबड्या पेशी भिंतीकडे, रक्तद्रव आत आणि दोहोंच्या मध्ये रक्तबिंबिका व पांढऱ्या पेशींचा पातळ थर अशी रचना होते. रक्तद्रवच हवा असेल तर काम सोपे, कारण तो थर जाड असतो. रक्तबिंबिकांचा थर नेमका टिपणे अवघड. त्यासाठी प्रकाशाचा झोत सोडून थराची कड कुठे आहे ते यंत्र सतत पाहत असते. पिशवीत गुलाबी छटा दिसली तर तांबड्या पेशी निसटून आल्या असे समजावे. दाता नुकतेच तेलकट जेवून आला असेल, तर रक्तद्रव दुधाळ होतो आणि या प्रकाशाला फसवतो.

असे सलग चालणारे यंत्र अमेरिकेत १९६५ साली तयार झाले. जॉर्ज जडसन हे आयबीएम कंपनीतले अभियंते. मुलाला रक्ताचा कर्करोग झाल्यावर ते राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले डॉक्टर एमिल फ्रायराइख यांच्याबरोबर या कामाला लागले.

आज दात्याला तासभर ते दीड तास बसावे लागते. त्याचे निम्म्याहून अधिक रक्त यंत्रातून फिरून येते, पण कोणत्याही क्षणी शरीराबाहेर असते ते पेला-दीड पेलाच. नळ्या आणि फिरणारी कुपी दर दात्यासाठी नवी, निर्जंतुक असते.

त्रास होतो तो बहुधा वेगळ्याच कारणाने. नळीत रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळतात. गोठण्याला कॅल्शियम लागते आणि सायट्रेट नेमके तेच धरून ठेवते. परत जाणाऱ्या रक्ताबरोबर थोडे सायट्रेट दात्याच्या शरीरातही जाते. यकृत ते मोडून टाकते, पण परतीचा वेग जास्त असेल तर यकृत मागे पडते. मग ओठ आणि बोटांची टोके झिणझिणतात. दात्याने हे लगेच सांगायला हवे. परिचारिका वेग कमी करते, कॅल्शियमची गोळी देते, आणि झिणझिण्या थांबतात. दुर्लक्ष झाले तर मात्र स्नायू आखडू शकतात.

दात्याच्या रक्तबिंबिका हिशेबाने पाव हिश्शाहून थोड्या अधिक घटायला हव्यात. प्रत्यक्षात बहुधा तेवढ्या घटत नाहीत, कारण प्लीहेत त्यांचा साठा असतो आणि त्यातल्या काही रक्तात उतरतात. उरलेली भर मगज काही दिवसांत घालतो. पिशवी मात्र फ्रीजमध्ये ठेवून चालत नाही. ती वीस ते चोवीस अंश सेल्सियसला सतत हलत्या फळीवर ठेवतात, आणि तीही साधारण पाचच दिवस टिकते. म्हणून रक्तपेढ्या असे दाते आगाऊ बोलावून साठा करत नाहीत. रुग्णाची गरज दिसली की दात्याला फोन जातो.