एकशे बत्तीस रुपये तीस पैशांचं काय करायचं?

लहान मुलांच्या तयार कपड्यांचं एक दुकान घेऊ. मालकाने भाव काढायला एक्सेलचा तक्ता केला आहे. पहिल्या रकान्यात खरेदी, दुसऱ्यात नफा आणि तिसऱ्यात जीएसटी. झबलं नव्वद रुपयांना पडलं. त्यावर चाळीस टक्के चढवले की 126 आणि पाच टक्के कर धरला की 132 रुपये 30 पैसे. हिशोब चोख आहे, पण हा आकडा टॅगवर कोणी छापत नाही. गिऱ्हाईक तीस पैशांवर हसेल आणि गल्ल्यावरचा मुलगा सुटे शोधत बसेल. मग तो 129 होतो, नाहीतर 130.

या दोन्ही सवयींमागची कारणं वेगळी आहेत. पाचाच्या पटीतला भाव सुट्या पैशांच्या कटकटीतून आला आहे. दोन रुपयांऐवजी हातावर चॉकलेट टेकवणारे दुकानदार आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. यूपीआय आल्यापासून हे कारण बरंच ढिलं झालं, तरी रोखीचा धंदा जिथे जास्त तिथे ते अजून टिकून आहे. नऊचा शेवट मात्र गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी असतो. अमेरिकेतल्या एरिक अँडरसन आणि डंकन सिमेस्टर या संशोधकांनी 2003 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. घरपोच माल पाठवणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये तोच ड्रेस काहींना 34 डॉलरला, काहींना 39 ला, तर काहींना 44 ला दाखवला. सर्वात जास्त खपला तो 39 वाला. स्वस्त असलेल्या 34 पेक्षाही जास्त. पण यावरून प्रत्येक नऊ कामाचा असतो असं धरू नये. आपण किंमत डावीकडून वाचतो, त्यामुळे 200 ऐवजी 199 लिहिल्यावर डोळ्याला दिसणारा फरक 150 ऐवजी 149 लिहिल्याने पडत नाही. आणि 39 रुपयांच्या मोज्यांसमोर तो फारसा कोणाच्या लक्षातही येत नसावा, असं माझं मत.

तक्त्यात हे करायला एकेक ओळ पुरते. हिशोबाने आलेला भाव D रकान्यात असेल, तर जवळचा पाच, जवळचा नऊ आणि वरचा नऊ असे मिळतात:

```
=MROUND(D2,5)
=MROUND(D2+1,10)-1
=CEILING(D2+1,10)-1
```

नऊच्या सूत्रात आधी एक मिळवून शेवटी एक वजा का केला? नऊने संपणारे आकडे म्हणजे दहाच्या पटी, फक्त एक पाऊल मागे सरकलेल्या. आपला भाव एकने पुढे ढकलायचा, दहाच्या पटीला बसवायचा आणि परत एकने मागे आणायचा. हे न करता बरेच जण नुसतं `CEILING(D2,10)-1` लिहितात. मग 149 रुपये 30 पैशांचा माल 149 ला जातो आणि आपण भाव वरच नेला, अशी समजूत राहते.

आता त्या झबल्याकडे परत येऊ. 132.30 चे 129 झाले, म्हणजे सव्वातीन रुपये गेले. किमतीच्या अडीच टक्के, कोणी विचारणारही नाही. पण हे पैसे खरेदीतून जात नाहीत, व्यापाऱ्याला नव्वद द्यायचेच आहेत. 129 मधून पाच टक्के कर बाजूला काढला की उरतात 122 रुपये 86 पैसे आणि 36 रुपयांचा नफा 32 रुपये 86 पैशांवर येतो. किंमत अडीच टक्के उतरली आणि नफा जवळजवळ नऊ टक्के.

यावर नेहमीचं उत्तर असं, की काही भाव खाली जातात तसे काही वरही जातात, एकूण बरोबरी होते. यादीतल्या ओळी मोजल्या तर साधारण होतेही. पण दुकान ओळी विकत नाही, नग विकतं. तीन रुपये खाली आलेलं झबलं हंगामात दोनशे नग खपलं आणि चार रुपये वर गेलेला घागरा सहाच नग, तर बरोबरी कुठली? म्हणून तक्त्यात दोन रकाने वाढवावेत. एकात फरक आणि दुसऱ्यात फरक गुणिले गेल्या हंगामात विकलेले नग. दुसऱ्याची बेरीज ठळक उणे आली, तर जास्त खपणाऱ्या चार-पाच ओळी शोधून तेवढ्याच हाताने वरच्या नऊवर न्याव्यात. स्वस्त मालात तर नऊचा हट्टच सोडावा. तेरा रुपयांचा हातरुमाल जवळच्या नऊला बसवला की नऊला जातो, पाचाच्या पटीत तो पंधराला राहतो. छापील एमआरपीचा माल असेल, तर वर नेलेला भाव एमआरपीच्या पुढे जात नाही ना, हेही पाहावं लागतं, कारण एमआरपीहून जास्त घेणं कायद्यात बसत नाही.

पुढच्या वर्षी आणखी एक गोष्ट घडते, आणि ती पटकन दिसत नाही. माल तीन टक्क्यांनी महागला, म्हणून दुकानदार टॅगवरच्या भावावर तीन टक्के चढवतो. 139 चे 143.17 होतात आणि जवळच्या नऊला बसवले की पुन्हा 139. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. असं दहा वर्षं केलं तरी भाव जागचा हलत नाही आणि खरेदी मात्र वाढत राहते. हिशोबाचा मूळ आकडा वेगळ्या रकान्यात जपला असता, तर 143.17 चे दुसऱ्या वर्षी 147.47 झाले असते आणि टॅगवर 149 आलं असतं. तेव्हा पैसे कापायचे ते एकदाच, अगदी शेवटच्या रकान्यात, आणि तेही कर धरल्यानंतर. कापलेल्या आकड्यावर पुढचा हिशोब चढवायचा नाही.

कर शेवटी येतो, म्हणून तयार कपड्यांत एक विचित्र पट्टा तयार झाला आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंतच्या नगाला पाच टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या नगाला अठरा. हे अडीच हजार कर सोडून धरायचे. बरोबर 2,500 चा लेहंगा करासकट 2,625 ला पडतो. आपलं सूत्र इमानाने त्याचे 2,629 करतं. त्यातून पाच टक्क्यांनी कर काढा, मूळ किंमत 2,503 रुपये 81 पैसे येते, म्हणजे अडीच हजारांच्या वर, म्हणून अठरा टक्के लागायला हवेत. अठराने काढा, तर मूळ किंमत 2,228 च्या आत येते, म्हणजे मर्यादेच्या खाली, म्हणून पाचच लागायला हवेत. दोन्हीकडून हिशोब जुळत नाही. करासकट किंमत 2,625 च्या वर आणि 2,950 पर्यंत कुठेही ठेवली तरी हेच होतं, कारण मूळ किंमत अडीच हजारांच्या एक रुपया पुढे गेली की करासकट आकडा थेट 2,951 रुपये 18 पैशांवर उडी मारतो.

वरून येणारेही इथेच फसतात. 2,502 चा नग अठरा टक्के धरून 2,952 रुपये 36 पैशांचा होतो, सूत्र त्याला जवळच्या 2,949 वर बसवतं आणि तो याच पट्ट्यात येऊन पडतो. बारशाचे, मुंजीचे, लग्नाचे भारी कपडे ठेवणाऱ्यांनी यादी छापण्याआधी 2,625 ते 2,950 एवढाच फिल्टर लावून पाहावा. खालच्या बाजूने आत शिरलेल्या नगाला 2,619 लिहावं आणि वरच्या बाजूने घसरलेल्याला 2,959. मग टॅग छापायला द्यावेत.