डॉक्टरांना मेल पाठवताय? मग ‘पेशंट वाढवून देतो’ हे वाक्य आधी खोडा

डिजिटल मार्केटिंगचं काम घरून करणाऱ्या बऱ्याच जणांचा प्रश्न असतो की हॉटेलवाले, सलूनवाले निदान उत्तर तरी देतात, मग डॉक्टर मेलला साधं ‘नको’ सुद्धा का म्हणत नाहीत? तुम्ही पाठवलेला मेल एकदा उघडून बघा. त्यात बहुतेक असं काहीतरी असतं: ‘सर, ३० दिवसांत १०० नवीन पेशंट, गॅरंटी. पैसे पेशंट आल्यावरच द्या.’

हॉटेलसाठी ही ऑफर चांगली आहे. डॉक्टरांसाठी मात्र यातली दोन्ही वाक्यं अडचणीची आहेत, आणि तिथे प्रश्न आवडीनिवडीचा नसून त्यांच्या रजिस्ट्रेशनचा असतो.

अॅलोपॅथीच्या डॉक्टरांना व्यावसायिक आचरणाचे २००२ सालचे नियम लागू आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले. २००२ च्या नियमांत दोन गोष्टी स्पष्ट आहेत. पहिली, डॉक्टरने स्वतः किंवा दुसऱ्याकरवी जाहिरात करून पेशंट ओढायचे नाहीत. दुसरी, पेशंट पाठवण्याबद्दल किंवा मिळवून देण्याबद्दल कमिशन द्यायचं नाही आणि घ्यायचंही नाही. म्हणजे तुमची ‘पर पेशंट’ ऑफर सरळ दुसऱ्या नियमाला जाऊन धडकते. तक्रार झाली तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलपुढे डॉक्टर उभे राहणार, तुम्ही नाही. म्हणून ते मेल डिलीट करतात.

मग विकायचं काय? याच नियमांत डॉक्टरांना काही गोष्टी जाहीर करायला परवानगी आहे. प्रॅक्टिस सुरू केली, पत्ता बदलला, काही दिवस रजेवर आहेत, पुन्हा सुरू केलं, फी किती आहे, अशा त्या गोष्टी. बारकाईने बघा, ही सगळी माहिती आहे, जाहिरात नाही. आपलं काम नेमकं इथे आहे: माहिती बरोबर ठेवणं.

आता एक उदाहरण पूर्ण करून बघू. समजा नाशिकला एक बालरोगतज्ज्ञ मॅडम आहेत. बोर्डावर संध्याकाळची वेळ ५ ते ८ आहे आणि गुरुवारी संध्याकाळी क्लिनिक बंद असतं. गुगलवर मात्र रोज ६ ते ९ दिसतंय. शिवाय क्लिनिकची जागा बदलली आहे, पण जुन्या पत्त्याची दुसरी नोंद अजून तशीच आहे. तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन एखादी आई साडेआठला पोहोचते आणि समोर शटर बंद. यात पेशंट ‘वाढवण्याचा’ विषयच नाही. जी आई आधीच निघाली आहे, तिला बरोबर वेळ आणि बरोबर दार मिळायला हवं, एवढंच.

मेल लिहिण्याआधी तीन गोष्टी करा. क्लिनिकसमोर जाऊन बोर्ड स्वतः वाचा, कारण तुमचीच माहिती चुकली तर विषय तिथेच संपला. गुगल मॅप्सवर नाव टाकून एकापेक्षा जास्त नोंदी आहेत का ते बघा. आणि नोंदीखाली “Claim this business” किंवा “Own this business?” असं दिसतंय का ते तपासा. दिसत असेल तर बहुतेक ती नोंद अजून कोणी ताब्यात घेतलेली नाही.

मग मेल असा लिहा:

> विषय: गुगलवर आपल्या क्लिनिकची संध्याकाळची वेळ चुकीची दिसते
>
> आदरणीय डॉक्टर मॅडम,
> सप्रेम नमस्कार.
>
> आपल्या क्लिनिकच्या बोर्डावर संध्याकाळची वेळ ५ ते ८ आहे आणि गुरुवारी संध्याकाळी बंद आहे. गुगलवर मात्र रोज ६ ते ९ दिसते. जुन्या पत्त्याची नोंदही अजून आहे. दोन्हीचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.
>
> ही दुरुस्ती आपण स्वतः विनामूल्य करू शकता. वेळ नसल्यास मी करून देईन. काम एवढेच: नोंद आपल्या नावे ताब्यात घेणे, वेळ, पत्ता व फोन दुरुस्त करणे, जुनी नोंद काढण्याची विनंती करणे. एकूण मानधन ४,००० रुपये, एकदाच. पेशंटच्या संख्येशी त्याचा संबंध नाही.
>
> मी जाहिरात, रिव्ह्यू मिळवून देणे किंवा पेशंटचे फोटो वापरणे ही कामे करत नाही. प्रत्येक मजकूर आपल्या मंजुरीनंतरच जाईल. खाते आपल्याच मालकीचे राहील.
>
> सोयीचे असल्यास याच मेलला उत्तर द्यावे. ओपीडीच्या वेळेत मी फोन करणार नाही.
>
> आपला नम्र,
> (नाव, गाव, मोबाइल)

‘मॅडम’च्या आधी आडनाव नक्की घाला, आणि पदवी बोर्डावर आहे तशीच लिहा.

आता यातल्या काही वाक्यांमागचं कारण समजून घ्या. ‘आपण स्वतः विनामूल्य करू शकता’ हे लिहायला जीव घाबरतो ना? पण डॉक्टरांचा मुलगा किंवा रिसेप्शनिस्ट पाच मिनिटांत हे शोधून काढेल. तुम्ही आधीच सांगितलं की विश्वास बसतो. तुमचे पैसे त्यांचा वेळ वाचवण्याचे आहेत. ४,००० हा आकडा फक्त उदाहरणाचा आहे, तुमच्या गावाप्रमाणे ठरवा. पण तो एकरकमीच ठेवा.

‘खाते आपल्याच मालकीचे’ याचा अर्थ असा की नोंद डॉक्टरांच्या गुगल खात्यावरून ताब्यात घ्यायची, आणि तुम्ही फक्त “Manager” म्हणून जोडले जायचं. मॅनेजर वेळ आणि फोन बदलू शकतो, पण दुसऱ्यांना जोडू-काढू शकत नाही. काम संपलं की डॉक्टर तुम्हाला काढू शकतात. नोंद स्वतःच्या जीमेलवर घेऊन बसणारे फ्रीलान्सर असतात. डॉक्टरांना ते माहीत असतं, म्हणून हे वाक्य मेलमध्ये हवंच.

रिव्ह्यूचं काय? पैसे किंवा सवलत देऊन रिव्ह्यू घेणं गुगललाही चालत नाही. आणि उत्तर देताना मोठा धोका असतो. ‘आपल्या मुलाचा दमा आता बरा आहे, ऐकून आनंद झाला’ असं क्लिनिकच्या नावाने तुम्ही लिहिलंत, तर पेशंटची खासगी गोष्ट चारचौघांत आली. उत्तरात ती व्यक्ती पेशंट होती हे सुद्धा मान्य करायचं नाही. ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार, काही अडचण असल्यास क्लिनिकला फोन करावा’ एवढंच पुरे, तेही डॉक्टरांना विचारून.

एखादे डॉक्टर स्वतःच म्हणतील, ‘डायबेटिस मुळापासून बरा, अशी पोस्ट टाका.’ इथे हात जोडून नाही म्हणा. ठरावीक आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधाच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, त्या यादीत डायबेटिस आहे, आणि जाहिरात प्रसिद्ध करण्यात हात असलेला माणूसही त्यात अडकू शकतो. डेंटिस्ट, आयुर्वेद, होमिओपॅथीवाल्यांच्या कौन्सिल वेगळ्या आहेत, त्यामुळे त्यांना मेल करण्याआधी त्यांचे नियम वाचा.

मेल पाठवल्यावर आठ-दहा दिवस थांबा. मग त्याच मेलखाली दोन ओळींची एकच आठवण पाठवा. तरी उत्तर नाही आलं तर विषय सोडा, व्हॉट्सअॅपवर मागे लागू नका. एकाच गावातले डॉक्टर एकमेकांना ओळखतात. एकाचं काम नीट झालं तर पुढचं नाव तिथूनच कळतं, आणि एकाला त्रास दिलात तर तेही तिथूनच कळतं.

आजच तुमच्या भागातलं एक क्लिनिक निवडा आणि बोर्ड व गुगल शेजारी-शेजारी ठेवून बघा. चूक सापडली तरच मेल लिहा. सगळं बरोबर असेल तर त्या डॉक्टरांना तुमची गरज नाही, पुढच्या बोर्डाकडे चला.